काळ्या सम्राटापेक्षा त्याचा सेनापतीच का लक्षात राहतो?

प्रश्न: मी मराठीत फँटसी कादंबरी लिहितोय. मेन व्हिलन म्हणजे अंधारगडावरचा सम्राट, आणि रुद्रसेन हा त्याचा एकनिष्ठ सेनापती. मित्रांना ड्राफ्ट वाचायला दिला तर सगळे रुद्रसेनबद्दलच बोलतायत, सम्राटाबद्दल कोणी काही बोलतच नाही. एका प्रकरणात सम्राट नदीकाठचं गाव जाळायला सांगतो आणि रुद्रसेन ते जाळतो, तेच प्रकरण सगळ्यांना आवडलं. असं का होतं? आणि सम्राट दमदार करायला काय करू?

उत्तर:

तुमचे मित्र बरोबर वाचतायत. सम्राटात काही कमी पडलंय म्हणून हे होत नाहीये, त्याची जागाच तशी आहे. मी बरीच वर्षं मुंबईत नाटकं आणि मालिका लिहितोय, नवीन मुलांचे ड्राफ्टही वाचतो, आणि जिथे जिथे असा सर्वशक्तिमान दुष्ट राजा आणि त्याचा उजवा हात अशी जोडी असते तिथे बहुतेक वेळा उजवा हातच भाव खाऊन जातो.

कारण सरळ आहे. सम्राटाच्या वर कोणी नाही. त्याला कोणी हुकूम देत नाही, त्यामुळे त्याला कधी "नाही" म्हणायची वेळच येत नाही. त्याला जे हवंय ते तो मागतो, बस. त्याच्या बाजूला असा एकच माणूस असतो ज्याला हुकूम मिळतो, तो हुकूम चुकीचा आहे हे कळण्याइतकी अक्कलही असते, आणि तो न पाळण्याइतकी ताकदही असते. साध्या शिपायाकडे ही ताकद नसते, त्याने नकार दिला तर मुंडकं उडेल आणि दुसरा शिपाई येईल. सेनापतीचं तसं नाही, तो खरंच थांबवू शकतो. म्हणून हुकूम मिळाल्यापासून तो अमलात येईपर्यंतचा जो वेळ असतो, मग तो पाच मिनिटांचा असो की पाच दिवसांचा, त्या वेळात वाचकाचा जीव अडकतो. सम्राटाच्या आयुष्यात असा वेळच नसतो.

दुसरं कारण प्लॉटचं आहे आणि नवीन लेखकांच्या ते लवकर लक्षात येत नाही. नायक आणि सम्राट समोरासमोर आले की एकाला मरावं लागतं, निदान वाचकाची तशी अपेक्षा असते. म्हणजे ती भेट शेवटालाच ठेवावी लागते. शिवाय सम्राट जितका जास्त दिसेल तितकी त्याची भीती कमी होत जाते, त्यामुळे त्याला लांब ठेवणं, पडद्याआड ठेवणं, त्याच्याबद्दल फक्त ऐकू येऊ देणं हेच लेखकाच्या फायद्याचं असतं. मग मधली तीनचारशे पानं नायकाच्या समोर उभं कोण राहणार? सेनापतीच. तो लढतो, हरतो, पळून जातो, परत येतो, नायकाला ओळखायला लागतो, त्याला मालकासमोर जाऊन हरल्याचं सांगावं लागतं. दोन्ही बाजूंना ज्याचे संबंध आहेत असा तो एकटाच माणूस आहे, आणि संबंध असले की कॅरेक्टर आपोआप वाढतं.

स्टेजवर तर हे लख्ख दिसतं. परळला शाळेच्या एका हॉलमध्ये आमच्या एका एकांकिकेची तालीम चालायची, त्यात राजाचं काम करणारा मुलगा उत्तम नट होता, आवाज भारी, उंची चांगली, पण त्याला करायला काही नव्हतंच, सिंहासनावर बसायचं आणि "पूल जाळून टाका" म्हणायचं. त्याचा सरदार झालेला मुलगा तुलनेने नवखा होता. हुकूम मिळाल्यावर त्याने आधी मुजरा केला, मग वळला, मग मशाल उचलायच्या आधी दोन्ही हातांचे तळवे धोतराला पुसले. दोनदा पुसले. कोणी सांगितलं नव्हतं त्याला. आणि हॉलमध्ये बसलेले आम्ही सगळे त्या तळव्यांकडेच बघत राहिलो, कारण घाम आलाय म्हणजे आत काहीतरी चाललंय. राजाच्या नटाला असं काही शोधायला जागाच नव्हती, राजाला घाम यायचं कारणच लेखकाने दिलं नव्हतं.

आता तुम्हाला एक प्रसंग उलगडून दाखवतो, कारण माझ्या मते या जोडीचा सगळ्यात चांगला नमुना आपल्याकडेच आहे आणि तो आपण लहानपणीच गोष्ट म्हणून ऐकून सोडून देतो. कुंभकर्ण. आपल्या डोक्यात कुंभकर्ण म्हणजे झोपणारा आणि खाणारा, जास्त झोपणाऱ्या पोराला आई हाक मारते तो. पण वाल्मीकीच्या युद्धकांडात तो उठल्यानंतर काय होतं ते नीट वाचा.

परिस्थिती अशी आहे की रावण पहिल्यांदाच रामासमोर लढायला उतरलाय आणि हरलाय. नुसता हरलेला नाही, रामाने त्याचा मुकुट तोडून त्याला म्हटलंय की थकलायस, जा, विश्रांती घे, मग परत ये. हा अपमान घेऊन तो लंकेत परत येतो आणि भावाला उठवायला सांगतो. मग ते प्रसिद्ध उठवणं, मांसाचे ढीग, शंख, ढोल, अंगावरून हत्ती चालवणं, सगळं होतं. तो उठतो, खातो, पितो आणि भावाकडे जातो. रावण त्याला सगळं सांगतो. आणि कुंभकर्ण काय करतो? हसतो. म्हणतो, आधीच्या सल्लामसलतीत जो धोका आम्हाला दिसला होता तोच आता तुझ्यावर आलाय, हिताचं सांगणाऱ्यांचं तू ऐकलं नाहीस. मग राजाने काय केव्हा करावं, कोणाचा सल्ला घ्यावा, यावर तो भर संकटात रावणाला चांगलं सुनावतो.

रावण भडकतो. त्याचं उत्तर लेखक म्हणून मला फार मोलाचं वाटतं. तो असं म्हणत नाही की मी बरोबर होतो. तो म्हणतो, तू गुरूसारखा मला काय शिकवतोयस, झालं ते झालं, आता त्याचं बोलून काय उपयोग, तुझं माझ्यावर प्रेम असेल तर माझी चूक तुझ्या पराक्रमाने सावरून घे. आणि पुढे म्हणतो, वाट चुकलेल्याच्या मदतीला जो येतो तोच खरा भाऊ. म्हणजे रावणाने वाद हरलाय आणि तरी माणूस जिंकलाय. त्याने प्रश्न बदलून टाकला. "मी बरोबर आहे का" या प्रश्नाच्या जागी "तू माझा आहेस का" हा प्रश्न आणून ठेवला. आणि या दुसऱ्या प्रश्नाला कुंभकर्णाकडे एकच उत्तर आहे. तो लगेच मऊ होतो, म्हणतो की भावाच्या नात्याने, प्रेमापोटी बोललो, आता काळजी सोड, मी जातो.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. वाल्मीकीचा कुंभकर्ण काही आपण मरणारच हे जाणून उदासपणे रणात उतरत नाही. तो मोठमोठ्या बाता मारतो, रामाला मारून येतो म्हणतो. तो धर्मात्मा वगैरे नाही, रणात वानरांना खातोय. त्याला चांगला ठरवायची गरजही नाही. तो इंटरेस्टिंग आहे कारण त्याला दिसतंय, त्याने ते तोंडावर सांगितलंय, आणि तरी तो गेलाय.

या प्रसंगात अजून एक माणूस आहे ज्याच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही, तो म्हणजे महोदर. कुंभकर्ण निघतोय म्हटल्यावर तो मध्ये पडतो आणि एक आयडिया काढतो की आपण पाचजण लढून येऊ, जखमी अवस्थेत परत आल्यावर राम मेला अशी खोटी दवंडी पिटवू, मग सीता आपोआप वश होईल. कुंभकर्ण त्याला झाडतो, तुमच्यासारख्या हांजी हांजी करणाऱ्यांनीच राजाची ही अवस्था केलीय म्हणतो. आता बघा, महोदरही रावणाचाच माणूस आहे, त्याच्याच बाजूने बोलतोय, पण तो कोणाच्या लक्षात राहत नाही. कारण त्याच्या डोक्यात आणि मालकाच्या इच्छेत काही अंतरच नाही. मालक जे ऐकायला उत्सुक आहे तेच तो बोलतो. तुमचा सेनापती जर महोदर असता तर मित्रांनी त्याचं नावही घेतलं नसतं.

आणि रामायणातच या जागेवरून निघणाऱ्या बाकीच्या वाटाही आहेत. मारीच रावणाला नको म्हणतो, परत परत समजावतो, मग रावण म्हणतो की गेला नाहीस तर मीच तुला मारीन, तेव्हा तो जातो. ती भीती आहे, आणि भीतीने गेलेल्या माणसाची आपल्याला दया येते. बिभीषण सांगून बघतो, अपमान झाल्यावर चार साथीदारांना घेऊन निघून जातो. तो योग्यच वागला असं आपण म्हणतो, पण निघून गेल्यावर त्याचा आतला झगडा बऱ्यापैकी संपतो. कुंभकर्णाला ना जिवाची धमकी आहे ना तो बाजू बदलतो. धमकी आणि दगाबाजी ही दोन्ही सोपी दारं बंद केल्यावर जो माणूस उरतो तो तुम्हाला हवाय.

नुसती माया हेच कारण असायला पाहिजे असं नाही. आपल्या इतिहासात मिर्झाराजे जयसिंग बघा. आपल्या सांगण्यात औरंगजेब हा लांब बसलेला सत्ताधीश, आणि प्रत्यक्ष समोर येऊन पुरंदरला वेढा घालणारा मिर्झाराजे. 1665 मध्ये तह झाला, तेवीस किल्ले गेले, आणि पुढे शिवाजी महाराज आग्र्याला गेले तेव्हा त्यांच्या सुरक्षेची हमी मिर्झाराजांची आणि तिथे त्यांच्या मुलाची, रामसिंगाची होती. आता हा माणूस कुठे अडकलाय ते पाहा. बादशहाशी निष्ठा आहे, ती त्याने कधी सोडली नाही. पण दुसऱ्या माणसाला शब्दही त्यानेच दिलाय, आणि तो शब्द पाळला जाणार की नाही हे त्याच्या हातात नाही, बादशहाच्या हातात आहे. 1666 च्या ऑगस्टमध्ये महाराज निसटले, रामसिंगावर बादशहाची खप्पामर्जी झाली, मिर्झाराजांना दख्खनेतून परत बोलावलं गेलं आणि 1667 मध्ये बुऱ्हाणपूरला ते वारले. निष्ठा एका ठिकाणी आणि दिलेला शब्द दुसऱ्या ठिकाणी, आणि एकही मोडायची तयारी नाही. औरंगजेबाला या प्रकरणात राग येऊ शकतो, संशय येऊ शकतो, पण अशी कोंडी त्याच्या वाट्याला येत नाही.

आता तुमच्या गाव जाळायच्या प्रकरणाकडे येतो. प्रश्नात तुम्ही लिहिलंय तसं ते एका ओळीत होतं, सम्राट सांगतो, रुद्रसेन जाळतो. मित्रांना ते आवडलं याचा अर्थ त्यांनी मधली जागा स्वतःच भरून घेतली. ती तुम्ही भरा, पण बेताने.

सगळ्यात आधी सम्राटाच्या हुकमात थोडी ढील ठेवा. "गाव जाळ" हा हुकूम पूर्ण बंद आहे, त्यात रुद्रसेनला ठरवायला काही नाही. त्याऐवजी सम्राट म्हणतो, "अमावस्येच्या आत त्या काठावर धूर दिसला पाहिजे." आता किती जाळायचं, केव्हा, लोकांना आधी बाहेर काढायचं का, हे रुद्रसेनवर आलं. म्हणजे जे होईल त्यात त्याचा हात फक्त हत्यार म्हणून राहत नाही, त्याची निवडही आली. समजा अमावस्येला तीन दिवस आहेत. पहिल्या दिवशी तो सम्राटाला एकांतात सांगतो की गाव जाळलं तर पावसाळ्यात फौजेला धान्य मिळणार नाही. लक्षात घ्या, तो दयेचं काही बोलत नाही, धान्याचं बोलतो, कारण त्याच्या मालकाला तीच भाषा कळते. आणि वाचकाला कळतं की धान्य हा बहाणा आहे. सम्राट ऐकून घेतो आणि रावणासारखा प्रश्न बदलतो, "खिंडीत तुला मी पाठीवर घेऊन उतरलो तेव्हा धान्याचा हिशोब केला नव्हता." संपलं. एवढ्या एका वाक्यात निष्ठेचं कारणही आलं आणि सम्राटसुद्धा एकदम माणूस झाला, कारण त्याने कधीतरी कोणालातरी पाठीवर घेतलं होतं. तुम्हाला सम्राट दमदार करायचा होता ना, तो असा होतो, सेनापतीवर त्याची पकड कशाची आहे ते दाखवून. त्याला अजून एक जादूची शक्ती देऊन नाही होत.

दुसऱ्या दिवशी रुद्रसेन गावात जातो. इथे बरेचजण एखादं निरागस पोर आणतात जे त्याला फूल देतं. नका आणू. त्याला गावात काहीतरी काम करू दे. विहिरी किती आहेत, वारा कुठून येतोय, गवताच्या गंज्या कुठे आहेत हे तो बघतो, म्हणजे जाळायचीच तयारी करतोय, आणि हे बघताना तो ज्या बारकाईने बघतोय त्यातून दिसतं की हा शेतकऱ्याच्या घरात वाढलाय. मग तो नदीच्या बाजूचं फाटक उघडं ठेवायला सांगतो. शिपाई विचारतो, "का?" तो म्हणतो, "धूर कोंडतो." यापुढे एक शब्दही लिहू नका. लोक त्या फाटकातून पळाले, सगळे नाही, काही. तिसऱ्या दिवशी गाव जळतं, धूर दिसतो, हुकूम पाळला गेला. आणि आता त्याच्याकडे एक गुपित आहे जे दोन्ही बाजूंना त्याला मारायला पुरेसं आहे, सम्राटासाठी त्याने लोक सोडले, नायकासाठी त्याने गाव जाळलं. पुढची पन्नास पानं तुम्हाला इथून मिळतील.

बिघडतं कुठे तेही सांगतो, कारण माझ्याकडे येणाऱ्या ड्राफ्टमध्ये त्याच जागा परत परत दिसतात. सगळ्यात कॉमन म्हणजे निष्ठेला कारणच नसतं. लेखक "तो एकनिष्ठ होता" असं लिहितो आणि पुढे जातो. हे ओळखायचं कसं, तर सम्राट आणि सेनापती दोघंच खोलीत आहेत असा सीन तुमच्या ड्राफ्टमध्ये शोधा. नसेल, किंवा असेल पण त्यात फक्त लढाईचा रिपोर्ट असेल, तर निष्ठा कागदावरच आहे. याच्या उलट काहीजण इतकी दुःखद बॅकस्टोरी देतात, घर जळलं, बायको गेली, मुलगा गेला, की सेनापतीला दुसरा पर्यायच उरत नाही, मग तो सगळं नाइलाजाने करतोय असं वाटतं आणि त्याचा दोष आपण माफ करून टाकतो. दोष माफ झाला की ताण गेला. त्याच्याकडे निघून जायचं दार कायम उघडं दिसलं पाहिजे, नायकाने एकदा तरी त्याला खरंखुरं बोलावलं पाहिजे, आणि तरी तो गेला नाही पाहिजे.

तिसरी गडबड शेवटाला होते. वाचकांना सेनापती आवडतोय हे कळलं की लेखकाला त्याला वाचवायचा मोह होतो, मग शेवटच्या प्रकरणात तो अचानक पलटतो, सम्राटाला पाठीत खंजीर मारतो आणि नायकाच्या मांडीवर प्राण सोडतो. पलटायला हरकत नाही, पण त्याची किंमत आधी दिसायला हवी. तुमच्या रुद्रसेनला पाठीवर घेऊन कोणीतरी खिंड उतरलंय. तो पलटला तर त्याने ते ऋण बुडवलं, आणि हे त्याला स्वतःला माहीत असलं पाहिजे, नायकाने कितीही शाबासकी दिली तरी त्याला ती गोड लागता कामा नये. तेवढं लिहायची तयारी नसेल तर त्याला शेवटपर्यंत त्याच बाजूला लढू दे.

हे सगळं असलं तरी प्रत्येक गोष्टीत सेनापतीच सरस ठरतो असं नाही. सम्राट अजून सम्राट झालेला नसेल, गादीसाठी धडपडत असेल, त्याला कोणाला तरी घाबरावं लागत असेल, तर तो जास्त इंटरेस्टिंग असतो, कारण तेव्हा निवड त्याच्याकडे असते. किंवा त्याचं काही जातं तेव्हा. कुंभकर्ण मेल्याची बातमी येते तेव्हा रावण कोसळतो, विलाप करतो, म्हणतो आता मला राज्याचं काय करायचंय, सीतेचं काय करायचंय, आणि बिभीषणाचं ऐकलं नाही हेही त्याला तेव्हाच आठवतं. इतक्या लोकांनी इतका उपदेश करून जे झालं नाही ते या एका बातमीने होतं. आणि तरी तो युद्ध थांबवत नाही.

म्हणून सम्राटासाठी वेगळी प्रकरणं वाढवू नका. आहेत त्यातलीही एकदोन काढलीत तरी चालेल, विशेषतः तो एकटाच बसून स्वतःशी बोलतो ती. त्याऐवजी खिंडीचा संदर्भ आधी एकदा सहज येऊ दे, शिपायांच्या गप्पांत वगैरे, म्हणजे गाव जाळायच्या वेळी सम्राट तो बाहेर काढेल तेव्हा वाचकाला लगेच लागेल. आणि रुद्रसेन पडला ही बातमी सम्राटाला कोण देतं, तो तेव्हा काय करत असतो, आणि ऐकल्यावर पहिला हुकूम कोणता देतो, हे प्रकरण आत्ताच लिहून बघा, कादंबरीचा शेवट ठरलेला नसला तरी.